द्वेषमूलक भाषणावरचा निबंध: या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरं द्वेषमूलक भाषणावरचा प्रश्न बघून खूश होतात. एक नोव्हेंबर आला की काळा दिन आणि राज्योत्सव दोन्ही एकाच रस्त्यावर बघत ती वाढलेली असतात. पण पेपरात मार्क जातात ते नेमके इथेच, कारण परिस्थिती माहीत असते आणि युक्तिवाद राहून जातो.

एक प्रश्न घेऊ. काल्पनिक आहे, पण अनोळखी वाटणार नाही. सभेत एक वक्ता म्हणतो, "या सरकारनं मराठी माणसाची गळचेपी केली, बेळगाव महाराष्ट्रात गेलंच पाहिजे." पुढे म्हणतो, "बाजारातली कन्नड माणसांची दुकानं आज रात्रीच्या आत फोडा, एकही धड राहता कामा नये." दोन्ही वाक्यांवर गटागटांत वैर वाढवल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली गुन्हा दाखल होतो. चर्चा करा.

पहिली चूक म्हणजे "कोणताही हक्क अमर्याद नसतो" असं लिहून लगेच समतोल साधायला बसणं. समतोल शेवटी येतो. त्याआधी निर्बंधाला आधार लागतो, आणि भाषणस्वातंत्र्यावरच्या निर्बंधांचे आधार सांगणाऱ्या आपल्या घटनेच्या अनुच्छेद १९(२) मध्ये 'द्वेषमूलक भाषण' असा आधारच नाही. तिथे सार्वजनिक सुव्यवस्था आहे, गुन्ह्याला चिथावणी आहे, भारताची सार्वभौमता आणि अखंडता आहे, आणखीही काही आधार आहेत. ही यादी पूर्ण आहे, तीत भर घालता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं कौशल किशोर खटल्यात (२०२३) स्पष्ट केलं. त्यामुळे प्रत्येक वाक्य यादीतल्या कुठल्या शब्दात बसतं, हे आधी दाखवावं लागतं.

पहिलं वाक्य बसवून बघा. बरेच जण 'अखंडता' लिहून मोकळे होतात. पण बेळगाव महाराष्ट्रात जाणं म्हणजे भारताबाहेर जाणं नव्हे. राज्यांच्या सीमा बदलायचा अधिकार अनुच्छेद ३ नंच संसदेला दिला आहे. जे घटनेच्या चौकटीत मागता येतं, ते मागणं अखंडतेवर घाला कसा ठरेल? शिवाय रोख सरकारवर आहे, कुठल्या भाषिक गटावर नाही. ऐकणारा दुखावेल, चिडेलही. दुखावणारं, धक्का देणारं, अस्वस्थ करणारं बोलणंसुद्धा संरक्षित आहे, हे युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं हँडिसाइड खटल्यात (१९७६) सांगितलं ते याच अर्थानं.

दुसरी चूक जास्त महागात पडते: आंतरराष्ट्रीय करार न वाचता वापरणं. नागरी व राजकीय हक्कांच्या कराराचा अनुच्छेद २०(२) द्वेषाच्या चिथावणीवर बंदी घालायला देशांना बांधतो, हे सगळ्यांना पाठ असतं. पण तिथे शब्द आहेत राष्ट्रीय, वांशिक आणि धार्मिक द्वेष. भाषा नाही. आपल्या कलम १९६ मध्ये मात्र भाषा नाव घेऊन आली आहे. म्हणजे मराठी-कन्नड वादात "करारानुसार बंदी बंधनकारक आहे" असं थेट लिहिता येत नाही. ओघ त्याच कराराच्या अनुच्छेद १९(३) मधून न्यावा लागतो: कायद्यात तरतूद, मान्य उद्दिष्ट आणि खरीखुरी गरज. हा फरक ज्यानं हेरला, त्यानं मूळ मजकूर वाचलाय हे तपासणाऱ्याला तिथल्या तिथे कळतं.

तिसरी चूक: अमेरिका, कॅनडा, भारत अशी एकेक परिच्छेदाची रांग लावणं. तुलना म्हणजे एकच वाक्य वेगवेगळ्या कसोट्यांना लावून निकाल का बदलतो ते सांगणं. अमेरिकेतल्या ब्रँडनबर्ग खटल्यानुसार (१९६९) तात्काळ बेकायदा कृत्य घडवण्याचा रोख हवा आणि ते घडण्याची शक्यताही हवी. कॅनडात कीगस्ट्रा खटल्यात (१९९०) जाणूनबुजून द्वेष पसरवणं पुरेसं ठरलं, हिंसेची चिथावणी लागली नाही. कारण तिथल्या हक्कांच्या सनदेच्या कलम १ मध्येच वाजवी मर्यादांना जागा आहे. अमेरिकेच्या पहिल्या दुरुस्तीत असं कलम नाही.

आता दुसरं वाक्य घ्या. "आज रात्रीच्या आत फोडा" यात वेळ आहे, कृत्य आहे, लक्ष्य आहे. बाजारपेठेत तापलेल्या जमावापुढे म्हटलं, तर ब्रँडनबर्गच्या कडक कसोटीतही ते वाचणं अवघड. भारतात 'गुन्ह्याला चिथावणी' सरळ लागू होते. रंगराजन खटल्यात (१९८९) न्यायालयानं बोलणं आणि धोका यांत जवळचा, थेट संबंध मागितला, दारूच्या कोठारातल्या ठिणगीइतका. तोही इथे दिसतो. हेच वाक्य बंद खोलीत पाच-सहा मित्रांत म्हटलं असेल तर? संयुक्त राष्ट्रांचा राबात कृती आराखडा (२०१२) संदर्भ, वक्ता, हेतू, मजकूर, पोहोच आणि हानीची शक्यता असे सहा मुद्दे तपासायला सांगतो. खोलीत शेवटचे दोन कोसळतात, आणि निकाल तसा सरळ राहत नाही.

एक तपासणी मी नेहमी करायला लावतो: भाषा उलटवा. वक्ता कन्नड आणि दुकानं मराठी माणसांची असं समजून उत्तर पुन्हा वाचा. निष्कर्ष बदलला, तर तुम्ही कायदा लिहिला नव्हता, बाजू लिहिली होती.

आणि समतोल? तो इथे येतो. दुसऱ्या वाक्याबद्दल वक्त्यावर खटला चालवणं गरजेत बसेल. त्याच्या नावाखाली सगळ्याच सभांवर महिनाभर बंदी घालणं बसणार नाही, कारण कमी जाच असलेला उपाय हाताशी असतो. हे दोन ओळींत लिहा आणि थांबा.