घडी उलट्या क्रमाने उलगडा

इंदूरला भाचीची नवोदय प्रवेश परीक्षेची तयारी घेताना दिसलं, कागदाच्या घडीच्या प्रश्नांत ती छिद्रं बरोबर मोजते, त्यांची दिशा मात्र चुकते. समजा, चौकोनी कागदाची उजवी बाजू डावीवर दुमडली, मग खालची वर. उरलेल्या चौकोनात उजवीकडे टोक असलेला त्रिकोण कापला. आता शेवटची घडी आधी उघडा. ती रेघ आडवी, म्हणजे जलप्रतिबिंब: खालीही त्रिकोण येतो, टोक उजवीकडेच. मग उभी घडी, म्हणजे आरशातली प्रतिमा: उजवीकडच्या दोन्ही त्रिकोणांची टोकं डावीकडे. चारही टोकं एकाच दिशेला दाखवणारा पर्याय असेल, तर तो आधी खोडा. तिरकी घडी असेल तर क्रम अजिबात बदलू नका.