मैदानावर खेळाडू कोसळल्यावर या चुका टाळा

कोणाचाही धक्का न लागता धावता धावता पडलेला आणि हाक मारूनही प्रतिसाद न देणारा खेळाडू हृदय थांबलेला रुग्णच आहे, असे धरून चालावे. त्याला ‘फिट आली’ असे ठरवून मोकळे होणे ही सर्वांत घातक चूक आहे. हृदय थांबल्यानंतर सुरुवातीला हातपायांना झटके येऊ शकतात, डोळे उघडे राहू शकतात आणि अधूनमधून घोरल्यासारखा आचका येतो. तो आचका म्हणजे श्वास नव्हे.

सड्यावरील, म्हणजे कातळाच्या पठारावरील, एका टेनिस क्रिकेट स्पर्धेत झेलासाठी धावलेला तरुण माझ्यासमोर असाच पडला. जमलेल्यांनी त्याच्या हातात किल्ल्यांचा जुडगा दिला, नाकाशी चप्पल धरली आणि तोंडात पाणी ओतले. प्रेक्षकांतील एका निवृत्त परिचारिकेने गर्दी सारून छातीवर दाब देणे सुरू केले, तोवर मोलाची मिनिटे गेली होती. दाब न देता गेलेल्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. इकडे १०८ला फोन दुसऱ्याने केला असेल, असे प्रत्येकजण समजत होता. शेवटी केला तेव्हा ‘सड्यावर या’ एवढेच सांगितले गेले आणि गाडी शेजारच्या वाडीच्या सड्यावर गेली. ती परतली, तर फाटकाला साखळी आणि किल्ली खजिनदारांच्या घरी. तो तरुण वाचला नाही.

१२ जून २०२१ रोजी कोपनहेगनमध्ये डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिश्चन एरिक्सन सामन्यात असाच कोसळला, पण त्याला मैदानावरच दाब व विजेचा झटका मिळाला आणि तो वाचला. असा झटका देणारे एईडी यंत्र खेळाडू कोसळल्यापासून तीन मिनिटांत पोहोचेल, अशा जागी ते कुलूप न लावता ठेवलेले असावे. कार्यालयाच्या कपाटात कुलूपबंद ठेवलेले यंत्र असून नसल्यासारखे आहे.

‘सगळे मिळून बघू’ हा आराखडा नव्हे. मी सामन्याच्या दिवशी सकाळीच चार नावे लिहून घेतो: दाब देणारा, यंत्र आणणारा, फाटक उघडून रस्त्यावर उभा राहणारा आणि फोन करणारा. फोनचे काम मी गुणलेखकाकडे देतो, कारण तो टेबल सोडत नाही. तेथे गाव, वाडी, वळण आणि जवळची खूण लिहिलेला कागद चिकटवलेला असतो. रेंज कुठे मिळते तेही आदल्या दिवशी पाहावे. समालोचकाने माइकवरून गर्दी मागे हटवावी, रोगनिदान करू नये.

दाब छातीच्या मध्यभागी, मिनिटाला १०० ते १२० वेळा आणि पाच ते सहा सेंटिमीटर खोल हवा. दाब देणारा दोन मिनिटांनी बदलावा, कारण थकलेल्या हातांचा दाब उथळ होतो आणि ते त्या माणसाला स्वतःला कळत नाही. चित्रफीत पाहून ‘येते आम्हाला’ म्हणणाऱ्या उतावळ्यांना मी आधी सरावाच्या पुतळ्यावर पूर्ण दोन मिनिटे दाब द्यायला लावतो.

आपल्याकडच्या दमट हवेत यंत्राच्या चिकटपट्ट्या घामाने भिजलेल्या छातीवर धरत नाहीत, म्हणून त्याच्या पिशवीत कोरडा टॉवेल, कात्री आणि वस्तरा ठेवावा, आणि पट्ट्यांची मुदत दर महिन्याला तपासावी.