कीबोर्ड शिक्षकाच्या जागेसाठी कव्हर लेटर लिहिताय? या चुका टाळा

आमच्या प्राथमिक शाळेत संगीत शिक्षकाची जागा निघाली की आलेली पत्रं आधी मी वाचते, मग ती मुख्याध्यापिकांकडे जातात. बहुतेक पत्रांत गुरुपरंपरा असते, विद्यापीठाचं पदक असतं, महोत्सवांची यादी असते. ज्या कामासाठी अर्ज केलाय, त्याबद्दल मात्र एक ओळही नसते.

सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे ‘मी कीबोर्ड उत्तम वाजवतो’ एवढंच लिहून मोकळं होणं. आपल्याकडचे बरेच संगीत पदवीधर गायनाचे असतात आणि त्यांचा हात पेटीवर बसलेला असतो. पेटीत डावा हात भात्यावर जातो. कीबोर्डवर त्याच डाव्या हाताला कॉर्ड धरायच्या असतात, आणि तो कोरा असतो. यात लाजण्यासारखं काही नाही, पण ते लपवू नका. ‘उजवा हात तयार आहे, डाव्या हाताने साध्या कॉर्ड धरतो, पहिली-दुसरीला त्या लागत नाहीत’ असं लिहिणारा उमेदवार मला आवडतो. त्याला निदान दोन वाद्यांतला फरक कळलेला असतो.

एका उमेदवाराने मोठ्या दिमाखात लिहिलं होतं, ‘कोणत्याही पट्टीत सहज वाजवतो.’ गायनात विशारद, एम.ए., आवाज खरंच सुरेल. डेमोसाठी आम्ही तिसरीचा वर्ग दिला, मुलं बत्तीस आणि कीबोर्ड आठ. स्वारी काळी एकमध्ये गाणारी. सवयीने त्यांनी आपल्या कीबोर्डवर ट्रान्सपोज एकने वर नेला आणि पांढऱ्या एकपासून सरगम वाजवायला घेतली. म्हणजे बोट पांढऱ्या एकवर आणि सूर काळ्या एकचा. मुलांचे कीबोर्ड शून्यावरच होते. मुलं सरांचं बघून अगदी त्याच पट्ट्या दाबत होती आणि वर्गात अर्ध्या सुराचा किचकिचाट चालला होता. सरांना वाटलं मुलं चुकतायत. त्यांनी पुन्हा वाजवून दाखवलं, मग आणखी जोरात. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, तुमचा वेगळा वाजतोय.” तोवर निम्मी तासिका गेली होती, आणि पाळीची वाट बघणारी मुलं बाकाखाली शिरली होती.

ट्रान्सपोजचं बटण हा शॉर्टकट आहे, आणि मैफिलीत तो चालतो. वर्गात सगळी वाद्यं एकाच ठिकाणी हवीत. पण माझा खरा राग पत्रावर आहे. बत्तीस मुलं आणि आठ कीबोर्ड हे गणित पत्र लिहितानाच डोक्यात आलं असतं, तर त्यांनी तयारीही तशीच केली असती.

म्हणून मी सगळ्यांना एकच सांगते: पत्रात एका तासिकेचा परिच्छेद लिहा. हा असा:

‘दुसरीच्या ३५ मिनिटांच्या तासिकेत मी एका कीबोर्डमागे चार मुलं बसवेन. एक वाजवेल, एक सरगम म्हणेल, एक टाळीने लय धरेल, एक बोटं बरोबर पडतात का ते पाहील. चार-पाच मिनिटांनी पाळी बदलेल. सुरुवातीला अंगठा सा वर ठेवून सा ते प एवढेच पाच सूर घेईन, म्हणजे हात हलवावा लागणार नाही. पूर्ण सप्तकासाठी अंगठा बोटांखालून म वर न्यावा लागतो, ते नंतर.’

एवढ्यावरून कळतं की हा माणूस वर्गात उभा राहिलाय, निदान मनात तरी. हा परिच्छेद नेटवरच्या नमुन्यातून उचलता येत नाही, आणि घाईतल्या मंडळींची नेमकी तिथेच अडचण होते. लहान मुलांना शिकवल्याचा अनुभव नसेल तर शेजारच्या चार पोरांना गोळा करून रविवारी बसवा, मग लिहा.

परीक्षांबद्दल लिहिताना वाद्य लिहा. ‘ट्रिनिटी ग्रेड ५’ एवढ्याने काही कळत नाही, कारण त्यांच्याकडे पियानो आणि इलेक्ट्रॉनिक कीबोर्डच्या परीक्षा वेगळ्या असतात. विशारद असाल तर गायनात की वादनात, तेही सांगा.

बाकी किरकोळ. दुसऱ्या शाळेचं नाव तसंच राहिलेलं पत्र मी पुढे वाचत नाही. एका पानाच्या वर जाऊ नका. ‘मुलांची मनापासून आवड आहे’ हे वाक्य काढून टाका, सगळेच लिहितात. व्हिडिओ जोडायचा तर तुमच्या मैफिलीचा नको, कोणाला तरी शिकवतानाचा दोन मिनिटांचा पाठवा. त्यात मुलं दिसत असतील तर त्यांच्या पालकांची परवानगी घ्या, आणि लिंक दुसऱ्याच्या फोनवर उघडते का ते पाठवण्याआधी बघा. ‘रिक्वेस्ट ॲक्सेस’ दिसलं की मी सरळ पुढचा अर्ज उघडते.