गॅमा निर्जंतुकीकरण: खोक्याचं वजन न बघता डोस धरू नका, आणि अशाच आणखी काही चुका

गॅमा प्लांटच्या डोसिमेट्री विभागात, म्हणजे मालाला किती डोस लागला ते मोजण्याच्या कामात, माझी बरीच वर्षं गेली. दर हंगामात नवे ग्राहक येतात आणि त्याच चुका पुन्हा करतात.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे डोस हा एकच आकडा आहे असं समजणं. "आमचा माल 25 किलोग्रेचा" असं सांगून लोक मोकळे होतात. पण खोक्यात सगळीकडे सारखा डोस लागतच नाही. कोबाल्ट-60 च्या स्रोताकडे असलेल्या बाजूला जास्त लागतो. खोकी फिरवून दोन्ही बाजूंनी किरण दिले तरी मधला भाग मागे राहतो, कारण तिथे पोचेपर्यंत बाहेरच्या मालाने किरण खाल्लेले असतात. म्हणून आम्ही नेहमी दोन आकडे बघतो: सगळ्यात कमी डोस कुठे आणि किती, सगळ्यात जास्त कुठे आणि किती. कमीत कमी आकड्यावर निर्जंतुकता ठरते, जास्तीत जास्त आकड्यावर माल टिकतो की नाही ते ठरतं.

एका ड्रेसिंग बनवणाऱ्या ग्राहकाचं उदाहरण देतो. त्यांचं खोकं 9 किलोचं होतं. त्याचं डोस मॅपिंग झालेलं होतं: कमीत कमी 28, जास्तीत जास्त 37 किलोग्रे. त्यांनी मालाची चाचणी 40 पर्यंत केली होती, म्हणजे 25 ते 40 या पट्ट्यात माल आरामात बसत होता. एके दिवशी गाडी आली. खोकी तीच, छपाई तीच, मापही तेच. भाडं वाचवायला आत माल दाबून भरला होता आणि एक खोकं 14 किलोचं झालं होतं. आम्हाला कोणी कळवलं नाही आणि लोडिंगवरच्या माणसानेही वजन केलं नाही.

माल बाहेर आला तेव्हा मी पर्स्पेक्सच्या पट्ट्या काढल्या. ही बोटभर प्लास्टिकची पट्टी किरणांनी गडद होते आणि तो गडदपणा स्पेक्ट्रोफोटोमीटरवर मोजून डोस काढतात. खोक्याच्या मधल्या पट्टीने 22 दाखवले. मला वाटलं पट्टीतच दोष असेल. शेजारच्या दोन खोक्यांतल्या पट्ट्या वाचल्या, तिथेही 22 च. बाहेरच्या कडेला 36.

त्यांचा सुपरवायझर फोनवर म्हणाला, "सर, थोडा वेळ अजून ठेवा की, 3 च तर कमी पडलेत." डोस बेरजेने वाढतो हे त्याचं खरं होतं. पण वाढतो तो सगळीकडे त्याच प्रमाणात. मधे 22 चे 25 करायचे तर कडेचे 36 होतात जवळपास 41, आणि त्यांची हद्द होती 40. शिवाय 25 वर काठावर थांबून चालत नाही, मोजमापातल्या चुकीसाठी थोडी जागा ठेवावी लागते. त्या भरणीत तो माल बसवणं शक्यच नव्हतं. सगळा लॉट बाद झाला, आणि पुढचा माल पुन्हा 9 किलोच्या खोक्यांत आला.

तेव्हापासून माझी सवय आहे की गाडी रिकामी होताना कुठलीही पाच खोकी काट्यावर ठेवायची. नोंदीतल्या वजनाशी जुळलं नाही तर गाडी तिथेच थांबते. भरणी बदलली की मॅपिंग नव्याने करायचं, त्याला आडवाट नाही.

खोक्यावरचा पिवळ्याचा लाल होणारा गोल स्टिकर हा डोसचा पुरावा नाही. हे खोकं किरणांतून गेलंय, एवढंच तो सांगतो. त्या 22 किलोग्रेच्या खोक्यांवरही स्टिकर लालभडक होते.

25 हा आकडाही जादूचा नाही. मालावर आधीच किती जंतू आहेत यावर तो पुरतो की नाही ते ठरतं. 25 सिद्ध करण्याची जी नेहमीची पद्धत आहे, ती एका नगावर सरासरी 1000 पर्यंत जंतू असतील तरच चालते. धुळीच्या खोलीत पॅकिंग करून किरणांवर भार टाकणाऱ्यांना मी सरळ परत पाठवतो.

टेफ्लॉनचा भाग असलेलं उपकरण गॅमाला देऊ नका, ते ठिसूळ होऊन तुटतं. साधं पॉलिप्रोपिलीन त्या दिवशी ठीक दिसतं आणि काही महिन्यांनी शेल्फवर तडकतं, म्हणून साठवणुकीनंतरची चाचणी टाळू नका.

आता खाण्याच्या मालाकडे येतो. इथे पहिली चूक म्हणजे औषधी मालाचा आकडा डोक्यात ठेवणं. लासलगावला कांद्यावर प्रक्रिया होते ती किलोग्रेच्या दहाव्या भागाच्या आसपास, कारण फक्त कोंबाच्या वाढत्या पेशी थांबवायच्या असतात. त्या विभागणाऱ्या पेशी फार नाजूक असतात. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्याला कमीत कमी 0.4 किलोग्रे लागतो. त्यात अळी लगेच मरेलच असं नाही, पण तिचं पुढे प्रजननक्षम किडीत रूपांतर होत नाही. मसाल्यांना जंतू कमी करायला साधारण 6 ते 14 लागतो. कांद्याला उशीर करू नका. काढणीनंतर वाळवून, सुप्तावस्थेत असतानाच आणा. आत कोंब हलला की उपयोग नाही, आणि सडका कांदा किरणांनी बरा होत नाही. बुरशी लागलेल्या मिरचीचंही तसंच: बुरशी मरते, पण तिने आधी तयार केलेलं अफ्लाटॉक्सिन तसंच राहतं.

आणि "माल किरणोत्सारी होतो का?" हा प्रश्न. विचारणाऱ्याला उडवून लावू नका, नीट सांगा. हाताला हळद लागली तर ती हातावर राहते आणि दुसऱ्यालाही लागते. हाताला ऊन लागलं तर हातात ऊन साठत नाही. कोबाल्ट दुहेरी स्टीलच्या कांड्यांत बंद असतो, मालाला त्याचा कण लागत नाही, लागतात ती फक्त किरणं. या किरणांची ऊर्जा 1.17 आणि 1.33 एमईव्ही एवढीच असते. एखादा अणू किरणोत्सारी करायचा तर त्याच्या केंद्रकातून न्यूट्रॉन उपटून काढायला हवा. त्यासाठी नायट्रोजनला सुमारे 10.5, ऑक्सिजनला 15.7, कार्बनला 18.7 एमईव्ही लागतात. पाण्यात किंचित असणाऱ्या जड हायड्रोजनलाही 2.2 लागतात. डोस वाढवला तर किरणांची संख्या वाढते, एकेका किरणाची ताकद वाढत नाही. म्हणून माल दहा तास ठेवला तरी ती हद्द ओलांडली जात नाही. ही किरणं केंद्रकाला नाही, बाहेरच्या इलेक्ट्रॉनांना हलवतात आणि त्यातून जंतूंचा डीएनए तुटतो. 25 किलोग्रेची सगळी ऊर्जा पाण्यात उतरली तर पाणी फक्त 6 अंशांनी तापतं.

खरा धोका असतो कांडीला गळती लागण्याचा. स्रोत वापरात नसताना खोल पाण्याच्या टाकीत असतो, म्हणून गळती झाली तर कोबाल्ट आधी त्या पाण्यात उतरतो. पाण्याचे नमुने नियमित तपासतात ते यासाठीच. प्लांट बघायला गेलात तर त्या तपासणीचं रजिस्टर मागून बघा.