२८ जणांची सरासरी ३.५८ येईना

माझ्याच शोधनिबंधाचा मसुदा पाठवायच्या आदल्या रात्री एक तक्ता पुन्हा तपासत होतो. १ ते ५ गुणांचा एकच प्रश्न, प्रतिसादक २८, सरासरी ३.५८. गुण पूर्णांकात, म्हणजे त्यांची बेरीजही पूर्णांकच हवी. २८ × ३.५८ = १००.२४. बेरीज १०० धरली तर सरासरी ३.५७, १०१ धरली तर ३.६१. मधे काहीच बसत नाही. ३.५८ अशक्य!

ही निक ब्राउन आणि जेम्स हीथर्स यांची GRIM चाचणी. गुणाकार करा, जवळचे दोन्ही पूर्णांक घ्या, भागून पाहा.

शेजारी 'सहमत ६१.५%' होतं. २८ पैकी १७ म्हणजे ६०.७%, १८ म्हणजे ६४.३%. तेही जुळेना. दोन्ही आकडे एकाच ठिकाणी अडले, तेव्हा संशय थेट २८ वर गेला. २७ वर जमलं नाही, २६ वर जमलं: ९३/२६ = ३.५८ आणि १६/२६ = ६१.५%. मूळ फाइल उघडली, तर दोघांनी तो प्रश्न सोडलेला. सॉफ्टवेअरने रिकाम्या जागा गुपचूप वगळल्या होत्या आणि मी एकूण संख्या तशीच छापली होती.

आता प्रत्येक ओळीत त्या प्रश्नाचा वेगळा n, म्हणजे उत्तर देणाऱ्यांची संख्या, लिहितो. मात्र प्रतिसादक शंभर किंवा जास्त असले, की दोन दशांशांवर कुठलीही सरासरी बसते. चार प्रश्नांची सरासरी असेल, तर २८ ऐवजी ११२ ने गुणावं लागतं, म्हणजे तिथेही ही चाचणी काही पकडत नाही.