बोट आणि प्रवाह: फक्त संथ पाण्यातला वेग दिला असेल तर या चुका टाळा

पोलीस भरती असो, तलाठी असो की बँकेची प्रिलिम, बोट आणि प्रवाहाच्या गणितात बोटीचा वेग आणि प्रवाहाचा वेग दोन्ही दिले असतील तर कोणी अडकत नाही, बेरीज केली की डाऊनस्ट्रीम, वजाबाकी केली की अपस्ट्रीम. खरी गडबड होते ती प्रवाहाचा वेग गायब असतो तेव्हा. प्रश्नात एवढंच असतं की संथ पाण्यात बोटीचा वेग ताशी ८ किमी आहे, आणि मग वेळेबद्दल काहीतरी एक वाक्य. इथे बरीच मुलं एकतर दोन्हीकडे ८ च धरतात, नाहीतर सरळ "माहिती अपुरी" वर टिक करून पुढे जातात.

पण ८ या आकड्यात अजून एक गोष्ट असते जी कोणी वापरतच नाही. प्रवाहाचा वेग क्ष धरा, डाऊनस्ट्रीम ८ + क्ष, अपस्ट्रीम ८ – क्ष, आता दोघांची बेरीज करा. क्ष उडाला, राहिले १६. म्हणजे प्रवाह कितीही असू दे, दोन्ही वेगांची बेरीज कायम संथ पाण्यातल्या वेगाच्या दुप्पट. ही बेरीज हातात आहे, आता फक्त ती कशी वाटायची हे प्रश्नातल्या दुसऱ्या वाक्यात शोधायचं.

उदाहरण घेऊ. संथ पाण्यात वेग ताशी ८ किमी, प्रवाहाच्या दिशेने जायला ३ तास लागले, त्याच रस्त्याने परत यायला ५ तास, तर प्रवाहाचा वेग किती आणि अंतर किती? अंतर एकच आहे म्हणून वेळ ३:५ तर वेग ५:३. १६ चे ५:३ मध्ये भाग करा, १० आणि ६. डाऊनस्ट्रीम १०, अपस्ट्रीम ६, फरकाचा निम्मा म्हणजे प्रवाह २, आणि अंतर १० × ३ = ३०. दुसऱ्या बाजूनेही बघा, ६ × ५ = ३०, जुळलं. समीकरण मांडायची गरजच पडली नाही.

इथली सगळ्यात कॉमन चूक म्हणजे वेळेचं गुणोत्तर आहे तसंच वेगाला चिकटवणं. घाईत ३:५ लिहिलं की डाऊनस्ट्रीम ६ आणि अपस्ट्रीम १० येतं, आणि गंमत म्हणजे फरकाचा निम्मा तरीही २ च येतो, ऑप्शनमध्ये २ असतो, टिक होतं, आणि आपलं बरोबर आहे असंच वाटत राहतं. मग पुढच्या प्रश्नात अंतर विचारलं की ६ × ३ = १८ येतं आणि पेपर काढणाऱ्याने १८ सुद्धा ऑप्शनमध्ये ठेवलेलं असू शकतं. त्यामुळे गुणोत्तर वाटून झालं की एकच गोष्ट बघायची, डाऊनस्ट्रीमचा आकडा मोठा आहे ना? नसेल तर तिथेच उलटं झालंय.

"प्रवाहाविरुद्ध जायला दुप्पट वेळ लागतो" हा प्रकारही हाच आहे. संथ पाण्यात ९ असेल तर बेरीज १८, वेग २:१, म्हणजे १२ आणि ६, प्रवाह ३. टक्केवारीतही तसंच, फक्त टक्के कशाचे ते नीट वाचा. डाऊनस्ट्रीम वेग अपस्ट्रीमपेक्षा ५० टक्के जास्त आणि संथ पाण्यात १०, असं असेल तर मुलं १० वरच ५० टक्के चढवून १५ करतात. टक्के अपस्ट्रीमवर आहेत, १० वर नाहीत! गुणोत्तर ३:२, बेरीज २०, म्हणून १२ आणि ८.

आता जाऊन-येऊन एकूण वेळ दिलेला प्रकार, यात सगळ्यात जास्त मार्क जातात असं माझं मत आहे. संथ पाण्यात ताशी १२ किमी, ३५ किमी जाऊन परत यायला एकूण ६ तास, प्रवाहाचा वेग काढा. पहिली चूक डोक्यातली असते, की जाताना प्रवाह जेवढी मदत करतो तेवढाच येताना अडवतो म्हणजे हिशोब बरोबरीत सुटतो. नाही सुटत. तसं असतं तर ७० किमीला १२ ने ५ तास ५० मिनिटं लागली असती, इथे तर ६ तास लागलेत. कारण बोट उलट्या प्रवाहात जास्त वेळ अडकलेली असते, मदत कमी वेळ मिळते आणि अडथळा जास्त वेळ. म्हणून एकूण वेळ नेहमी संथ पाण्यातल्या वेळेपेक्षा जास्तच येणार, आणि तुमचं उत्तर टाकून पाहिल्यावर कमी येत असेल तर कुठेतरी वाचण्यात किंवा मांडण्यात चुकलंय हे नक्की.

मांडणी अशी करा: ३५/(१२ + क्ष) + ३५/(१२ – क्ष) = ६. छेद समान केला की वर ३५ × २४ राहतं, म्हणजे ८४०, तिथेही तीच दुप्पट आली बघा, आणि खाली १४४ – क्ष². दुसरी चूक इथे होते, घाईत १४४ – क्ष लिहिलं जातं, मग क्ष ४ येतो आणि ४ ऑप्शनमध्ये दिसला की संपलं. बरोबर असं, ८४० भागिले ६ म्हणजे १४०, १४४ – क्ष² = १४०, क्ष² = ४, क्ष = २. पडताळा दहा सेकंदांचा आहे, ३५/१४ म्हणजे अडीच तास, ३५/१० म्हणजे साडेतीन, एकूण ६. तेच ४ टाकून बघा, ३५/१६ आणि ३५/८, दुसरंच चार तासांच्या वर जातं, बसतच नाही.

वेळेतला फरक दिला असेल तर मात्र मी समीकरण सोडवत बसायला सांगणार नाही. संथ पाण्यात १०, अंतर २४, येताना १ तास जास्त लागला. सोडवलं तर क्ष² + ४८क्ष – १०० = ० येतं, उत्तरं २ आणि –५०, त्यातलं ऋण सोडायचं. बरोबर आहे पण वेळखाऊ. त्यापेक्षा ऑप्शन उचला, २ टाकलं की १२ आणि ८, २४ ला दोघांनी भाग जातो, २ तास आणि ३ तास, फरक १. झालं. फक्त भाग गेला म्हणून लगेच टिक करू नका, फरक किंवा बेरीज जुळतेय का ते बघूनच करा. आणि १० किंवा त्याहून मोठा ऑप्शन असेल तर तो आधीच काटा, प्रवाह बोटीइतका किंवा जास्त वेगाचा असेल तर बोट प्रवाहाविरुद्ध पुढेच जाऊ शकत नाही, मग परत येण्याचा प्रश्न कुठला.

आता "माहिती अपुरी" खरंच कधी? संथ पाण्यात ८ आणि डाऊनस्ट्रीम ३ तास लागले एवढंच दिलं असेल तेव्हा. अंतर माहीत नाही, येतानाचा वेळ माहीत नाही, मग १६ कसे वाटायचे हे सांगणारं काहीच नाही. पण त्यात अंतर ३० किमी आहे एवढं जरी जोडलं तरी डाऊनस्ट्रीम १० मिळतो, अपस्ट्रीम १६ – १० = ६, आणि प्रश्न पूर्ण सुटतो. डेटा सफिशिअन्सीच्या प्रश्नात दोन विधानं वाचताना हेच शोधा, दोन्ही वेगांपैकी एक किंवा त्यांचं गुणोत्तर मिळतंय का.