शेडर कॅश पुसण्याआधीची तयारी

ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट करायचा असेल तर खेळायला बसण्याच्या दहा मिनिटं आधी करू नका, आदल्या दिवशी करा. ही यादीतली पहिली गोष्ट, आणि बाकीच्या बहुतेक गोष्टी तिच्यातूनच निघतात. ड्रायव्हर बदलला की आधी जमलेली शेडर कॅश बहुतेक वेळा निकामी होते, आणि काल गुळगुळीत चालणारा गेम आज पुन्हा अडखळायला लागतो. लोक मग घाईघाईने कॅश पुसतात. तिथूनच खरा त्रास सुरू होतो.

का ते आधी नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं काही पाठ करावं लागणार नाही. शेडर म्हणजे ग्राफिक्स कार्डवर चालणारा छोटा प्रोग्राम. पाण्यावरची चमक, धुराचा लोट, ओल्या दगडाचा रंग, हे सगळं शेडर ठरवतात. गेम बनवणारे ते अर्धवट तयार करून देतात: DirectX 12 साठी DXIL नावाच्या मधल्या रूपात, Vulkan साठी SPIR-V मध्ये. शेवटचं रूपांतर, म्हणजे तुमच्याच कार्डाला कळेल अशा भाषेत, ड्रायव्हर तुमच्या मशीनवर करतो. गेम कन्सोलवर हे काम उरत नाही, कारण तिथे कार्ड ठरलेलं असतं आणि तयार कोडच गेमबरोबर येतो. पीसीवर कार्डं आणि ड्रायव्हर यांच्या इतक्या जोड्या असतात की प्रत्येकीसाठी तयार माल देणं अवघड होतं.

आता वेळेचा हिशोब बघा. सेकंदाला 60 फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला 16.7 मिलिसेकंद मिळतात. समोर पहिल्यांदाच एक स्फोट झाला, त्याची पाइपलाइन (शेडर आणि तो कुठल्या सेटिंगने चालवायचा, यांचा एकत्र संच) तयार नव्हती, आणि ती करायला 80 मिलिसेकंद लागले, तर जवळपास पाच फ्रेमचा वेळ गेला. चित्र थिजतं आणि मग एकदम पुढे उडी मारतं. तयार झालेला कोड ड्रायव्हर डिस्कवर ठेवून देतो, म्हणून दुसऱ्या स्फोटाला काही होत नाही. ही साठवण म्हणजे शेडर कॅश. गेम सुरू होताना "Compiling Shaders" अशी पट्टी दिसते, तेव्हा हेच काम खेळण्याआधी उरकलं जात असतं.

ही साठवण ड्रायव्हर आंधळेपणाने वापरत नाही. Vulkan मधलं उदाहरण अगदी स्वच्छ आहे. गेमने जपून ठेवलेल्या पाइपलाइन कॅशच्या सुरुवातीला 32 बाइटचं एक शीर्ष असतं. त्यात कार्ड बनवणाऱ्याचा क्रमांक, कार्डाचा क्रमांक आणि 16 बाइटची एक ओळख असते. हे जुळलं नाही तर ड्रायव्हर ती कॅश बाजूला सारतो आणि नव्याने कंपाइल करतो. म्हणून "जुनी कॅश पडून आहे, त्यामुळे नवा ड्रायव्हर गोंधळतोय" ही भीती बहुतेक वेळा निराधार असते. जुनी कॅश फार तर जागा खाते.

तेव्हा आदल्या दिवशी करायचं काम एवढंच. ड्रायव्हर घाला, मशीन रीस्टार्ट करा, गेम सुरू करून शेडरची पट्टी पूर्ण होऊ द्या. पट्टी चालू असताना प्रोसेसरचे सगळे कोर राबत असतात, म्हणून मागे दुसरं जड काम लावू नका, आणि लॅपटॉप असेल तर चार्जरला जोडा. मुख्य मेनू आला तरी कोपऱ्यात टक्केवारी चालू असेल तर थांबा. काही गेम मेनूत पोहोचल्यावरही मागे कंपाइल करत राहतात. लिनक्सवर स्टीम "Processing Vulkan shaders" दाखवतं आणि शेजारी Skip चं बटण देतं. वेळ असेल तर ते दाबू नका. वाचवलेली मिनिटं पुढे खेळताना हिसक्यांच्या रूपात परत द्यावी लागतात.

त्याच दिवशी डिस्कवर जागा आहे का, तेही बघून घ्या. NVIDIA Control Panel मध्ये "Shader Cache Size" नावाची मर्यादा असते. ती लहान ठेवलेली असेल आणि तुम्ही चार-पाच मोठे गेम आलटून पालटून खेळत असाल, तर नव्या नोंदींसाठी जुन्या काढल्या जातात आणि पहिला गेम परत उघडल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. जागा असेल तर मी तिथे 10 GB ठेवतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि लोक हेच टाळतात: अडखळणं शेडरचंच आहे का, हे कॅशला हात लावण्याआधी तपासा. तपासायची रीत साधी आहे. एक सेव्ह निवडा, तिथून तीन-चार मिनिटांचा ठरावीक रस्ता चाला, आणि फ्रेमटाइमचा आलेख चालू ठेवा. विंडोजवर CapFrameX किंवा RivaTuner, लिनक्सवर MangoHud. मग तीच सेव्ह उघडून तोच रस्ता दुसऱ्यांदा चाला, आणि तिसऱ्यांदाही. शेडरचा हिसका एकदाच येतो. दर फेरीला त्याच जागी येणारा हिसका सहसा डिस्कवरून नवा भाग लोड होण्याचा असतो. त्याला शेडर कॅशशी काही देणंघेणं नाही.

माझ्या एका मित्राच्या मशीनवर हे अगदी हातावर ठेवल्यासारखं दिसलं. त्याची तक्रार होती की गेम रोज अडखळतो, आणि तो रोज कॅश पुसत होता. मी त्याला म्हटलं, "आज काही पुसू नकोस, फक्त चालून दाखव." बाजारातून पुलावर आणि पुलावरून किल्ल्याच्या दारापर्यंत. पहिल्या फेरीत नऊ मोठे हिसके, त्यातला सगळ्यात मोठा 140 मिलिसेकंदांचा. दुसऱ्या फेरीत दोनच, दोन्ही पुलावर, साधारण 60 मिलिसेकंदांचे. तिसऱ्या फेरीतही पुलावरचे तेच दोन. म्हणजे सात शेडरचे होते आणि दोन लोडिंगचे. पुसण्याने ते सात रोज नव्याने जन्माला येत होते, आणि उरलेल्या दोघांवर त्याचा काहीच परिणाम नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याने काहीच पुसलं नाही, तरीही पहिल्या फेरीत सात हिसके हजर! हे बघून मीही चक्रावलो. शोधल्यावर कळलं की त्याने लावलेला सफाईचा एक प्रोग्राम रोज रात्री आपोआप चालत होता आणि तात्पुरत्या फायलींबरोबर ड्रायव्हरच्या कॅशचे फोल्डरही रिकामे करत होता. म्हणून यादीत हेही धरा: असा कुठला प्रोग्राम असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये शेडर कॅश वगळा. विंडोजच्या Disk Cleanup मध्येही "DirectX Shader Cache" अशी ओळ असते. जागेची खरी टंचाई नसेल तर तिथली टिक काढून ठेवा.

पुसणं खरोखर उपयोगी पडतं ते वेगळ्या लक्षणांवर. ड्रायव्हर बदलल्यानंतर एखाद्या वस्तूवर चट्टेपट्टे दिसतात, पाणी काळं होतं, पोत चमचमतो, आणि सेटिंग बदलूनही जात नाही. किंवा वीज गेली, डिस्क गच्च भरली आणि त्यानंतर गेम दर वेळी त्याच ठिकाणी बंद पडायला लागला. अशा वेळी खराब झालेली नोंद हे एक संभाव्य कारण असतं आणि पुसून बघणं स्वस्त पडतं. मात्र गेम शेडर कंपाइल होतानाच कोसळत असेल तर कॅशकडे नको, प्रोसेसरकडे बघा. ते काम सगळ्या कोरना पूर्ण ताण देतं, त्यामुळे अस्थिर ओव्हरक्लॉक तिथेच उघडा पडतो. इंटेलच्या 13व्या आणि 14व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांच्या अस्थिरतेमुळे अशाच वेळी गेम कोसळायचे आणि संदेश मात्र व्हिडिओ मेमरी संपल्याचा यायचा. 2024 मध्ये कंपनीने त्यावर मायक्रोकोडची दुरुस्ती दिली, जी मदरबोर्डच्या बायोस अपडेटमधून येते.

पुसायचं ठरलंच तर गेम आणि लाँचर दोन्ही बंद करा. AMD च्या सॉफ्टवेअरमध्ये ग्राफिक्सच्या सेटिंगखाली "Reset Shader Cache" आहे, ते पुरतं. NVIDIA असेल तर हे फोल्डर रिकामे करा:

```
%LOCALAPPDATA%\NVIDIA\DXCache
%USERPROFILE%\AppData\LocalLow\NVIDIA\PerDriverVersion\DXCache
```

यांतला एखादा तुमच्याकडे नसेलही. दुसऱ्याच्या नावातच PerDriverVersion आहे, यावरून ही साठवण ड्रायव्हरच्या आवृत्तीला कशी बांधलेली असते ते दिसतं. काही फायली वापरात असल्याचं विंडोज सांगेल. त्या सोडून द्या, किंवा मशीन रीस्टार्ट करून लगेच पुन्हा प्रयत्न करा.

इथे एक खाच आहे आणि ती मी अनेकांना नडलेली पाहिली आहे. काही गेम स्वतःच्या फोल्डरमध्ये वेगळी नोंद ठेवतात की "या मशीनवर शेडर तयार झाले आहेत". तुम्ही ड्रायव्हरची कॅश पुसता, पण गेमची नोंद तशीच राहते. गेम सुरू होतो, पट्टी दिसतच नाही, तुम्ही खूश होता, आणि पुढचे दोन तास प्रत्येक नव्या दृश्याला हिसका बसतो. म्हणून पुसल्यावर पहिल्यांदा गेम उघडताना पट्टी परत आली का, हे मुद्दाम बघा. आली नाही तर गेमच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये शेडर पुन्हा कंपाइल करायचा पर्याय शोधा. तो नसेल तर गेमची स्वतःची कॅश फाइल काढा, मात्र सेव्हची प्रत आधी दुसरीकडे ठेवून, कारण पुष्कळदा दोन्ही एकाच फोल्डरखाली असतात.

मग तोच तीन फेऱ्यांचा रस्ता पुन्हा चाला. चट्टे गेले का ते पहिल्या फेरीत कळतं. अडखळण्याबद्दलचा निकाल मात्र दुसऱ्या फेरीआधी देऊ नका, कारण पुसल्यानंतरची पहिली फेरी वाईट जाणारच. मित्राच्या मशीनवर सफाईचा प्रोग्राम थांबवल्यावर तिसऱ्या दिवशी पहिल्याच फेरीत फक्त पुलावरचे दोन हिसके उरले. गेम हार्ड डिस्कवर होता. तो एसएसडीवर हलवल्यावर तेही इतके छोटे झाले की आलेखात शोधावे लागतात.